एकच शब्द तीन वेळा: बोलण्यातील साधा उशीर आणि अप्रॅक्सिया यांतील फरक

प्रश्न : माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. त्याला समजतं सगळं, पण त्याचं बोलणं घरच्यांशिवाय कोणाला कळत नाही आणि एकच शब्द दर वेळी वेगळा निघतो. एका डॉक्टरांनी ‘साधा उशीर आहे, थांबा’ म्हटलं, दुसरीकडे ‘अप्रॅक्सिया असू शकतो’ असं सांगितलं. आमच्या तालुक्यात स्पीच थेरपिस्ट नाही. शब्द बदलतो म्हणजे अप्रॅक्सियाच समजायचा का? घरी काही तपासता येईल का?

उत्तर : शब्द बदलतो एवढ्यावरून अप्रॅक्सिया ठरत नाही. मात्र तो किती बदलतो, कोणत्या परिस्थितीत बदलतो आणि त्यातले नेमके काय बदलते, हे नीट नोंदवले तर निदानाच्या कामातला बराच मोठा भाग उजेडात येतो. ही नोंद घरी करता येते. निदान मात्र वाचा-उपचारतज्ज्ञानेच करायचे असते, आणि मुलाला समोर बसवून करायचे असते.

आधी दोन्ही स्थितींत आत काय घडत असते ते पाहू. साध्या उशिरात मूल वयाने लहान असलेल्या मुलासारखे बोलते. त्याने अवघड ध्वनी सोपा करण्याचा एक नियम मनाशी धरलेला असतो आणि तो नियम ते पाळते. ‘क’च्या जागी ‘त’ येत असेल, तर काकडीची ‘तातडी’ होते, आणि सकाळी, संध्याकाळी, आजीसमोर, अंगणवाडीत सगळीकडे ‘तातडी’च राहते. चाइल्डहूड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच या स्थितीत अडचण निराळी असते. कोणता शब्द बोलायचा हे मुलाला ठाऊक असते, ओठ आणि जीभ यांच्या स्नायूंत दुबळेपणा नसतो, परंतु त्या शब्दासाठी जीभ, ओठ, जबडा आणि आवाज यांनी कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने हलावे याची आखणी मेंदूत पक्की होत नाही. दर वेळी ती आखणी नव्याने करावी लागते आणि दर वेळी ती वेगळ्या ठिकाणी फसते. म्हणून एकाच शब्दाची रूपे वेगवेगळी निघतात. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २००७ च्या अहवालात अप्रॅक्सियाची जी तीन प्रमुख लक्षणे मांडली, त्यांत पहिले हेच आहे : तोच शब्द किंवा तेच अक्षर पुन्हा बोलताना व्यंजनांच्या आणि स्वरांच्या चुका बदलत राहणे. उरलेली दोन लक्षणे म्हणजे एका ध्वनीवरून किंवा अक्षरावरून पुढच्यावर जाताना होणारी ताणाताण व तुटकपणा, आणि बोलण्याच्या ठेक्यातील बिघाड.

आता तपासणीविषयी. इंग्रजीत यासाठी डीईएपी नावाची चाचणी वापरतात. तिच्यात मुलाकडून २५ चित्रांची नावे एकाच बैठकीत तीन वेळा घेतात आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक शब्द बदलले तर उच्चार अस्थिर मानतात. मी हीच पद्धत मराठी शब्दांवर वापरते. ४० टक्क्यांची सीमा इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून ठरलेली आहे, त्यामुळे तिला मी लक्ष्मणरेषा मानत नाही. ३५ आणि ४५ यांत मला मोठा फरक वाटत नाही, १५ आणि ६० यांत मात्र वाटतो.

शब्द मुलाच्या रोजच्या ओळखीचे हवेत. आपल्याकडे मी साधारणपणे गाय, बैल, दूध, मीठ, कान, चावी, फडा, भाकर, बकरी, गाडी, कापूस, काकडी, पपई, टमाटर, बादली, खिडकी, माकड, सायकल, मोबाईल असे शब्द घेते. त्यांत एका अक्षराचे थोडे, दोन-तीन अक्षरांचे पुष्कळ आणि त्याहून लांब दोन-चार असावेत, कारण लहान शब्दांत अप्रॅक्सिया लपून राहू शकतो. चित्रांपेक्षा खऱ्या वस्तू बऱ्या. फडा आणि भाकर हातात धरून दाखवता येतात, आणि गाय-बैलांसाठी पोळ्याची मातीची जोडी चालते. एकदा सगळे शब्द झाले की मुलाला दहा-पंधरा मिनिटे खेळू द्यावे, मग दुसरी फेरी घ्यावी, पुन्हा खेळ आणि मग तिसरी. एकच शब्द लागोपाठ तीनदा म्हणायला लावू नये, कारण तेव्हा मूल आपल्याच आधीच्या उच्चाराची री ओढते. तीन फेऱ्या तीन निरनिराळ्या आठवड्यांतही घेऊ नयेत, कारण मधल्या काळात ते काही शिकलेले असू शकते आणि मग प्रगतीच अस्थिरतेसारखी दिसते.

सर्वांत जास्त गडबड इथे होते की घरातले मोठे माणूस शब्द आधी सांगून मोकळे होते. ‘हे काय आहे? काकडी ना? म्हण, काकडी’ असे झाले की ती नक्कल झाली आणि नकलेची परीक्षा वेगळी आहे, ती पुढे सांगते. आपण फक्त ‘हे काय?’ एवढेच विचारावे. चुकले तरी सुधारू नये, हसू नये, ‘नीट बोल’ म्हणू नये. मोबाईल मुलाच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवून सगळे रेकॉर्ड करावे आणि जमल्यास एका फेरीचा चेहरा दिसेल असा व्हिडिओ घ्यावा. नंतर शांतपणे ऐकून प्रत्येक उच्चार जसा कानावर पडला तसा देवनागरीत लिहावा. काना-मात्रा तंतोतंत लिहाव्या आणि मुलाने मध्ये तोडले असेल तिथे आडवी रेघ द्यावी. देवनागरीत जसे ऐकले तसे लिहिता येते, त्यामुळे प्रशिक्षण नसलेल्या आईवडिलांच्या नोंदींचाही मला उपयोग होतो. दोघांनी स्वतंत्रपणे लिहून मग ताडून पाहिले तर उत्तम.

मोजताना दोन गोष्टी सांभाळाव्या. पहिली बोलीची. वऱ्हाडीत केळ्याला ‘केय’ आणि डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, पाण्याला ‘पानी’ म्हणतात. अंगणवाडीत सेविका ‘केळं’ शिकवते आणि घरी आजी ‘केय’ म्हणते. मूल दोन्ही म्हणत असेल तर तो उच्चारातला बिघाड नव्हे, ती दोन्ही रूपे एकच समजावी. मी तर यादीतून ‘ळ’ आणि ‘ण’ असलेले शब्द शक्यतो वगळतेच. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीकडे गोंडी बोलणाऱ्या घरातील मूल असेल, तर यादी त्याच्या घरच्या भाषेतच करावी लागते. दुसरी गोष्ट अशी की तुलना एकाच शब्दाच्या तीन उच्चारांची करायची, एकाच ध्वनीची निरनिराळ्या शब्दांत नव्हे. ‘क’ कधी ‘कान’मध्ये नीट येतो आणि ‘खिडकी’त ‘त’ होतो, म्हणून पालक सांगतात की ‘कधी जमतं, कधी नाही’. पण ‘कान’ तिन्ही वेळा कान आणि ‘खिडकी’ तिन्ही वेळा ‘तिडती’ असेल, तर ते स्थिर बोलणे आहे. शब्दातल्या जागेनुसार किंवा शेजारच्या ध्वनीनुसार चूक बदलणे हे उशिरातही नेहमी दिसते.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते दोन मुलांच्या नोंदींवरून सांगते. दोघेही साडेचार वर्षांच्या आसपासचे, दोघेही कापूसपट्ट्यातल्या खेड्यांतले, आणि दोघांचेही बोलणे परक्या माणसाला जवळजवळ कळत नसे. पहिल्याच्या कागदावर चुकाच चुका होत्या. काकडी ‘तातडी’, गाडी ‘दाडी’, खिडकी ‘तिडती’, कापूस ‘तापूत’, सायकल ‘तायतल’. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतही तेच. २२ शब्द तिन्ही फेऱ्यांत मिळाले, त्यांपैकी तीनच बदलले, म्हणजे १४ टक्के. त्या तिनांतही दोन शब्द असे होते की ते दोनदा जुन्या चुकीने आणि एकदा बरोबर आले. अशा बदलाची मी वेगळी नोंद करते, कारण चुकीचे एकच रूप आणि बरोबर रूप यांत हेलकावे घेणारा शब्द बहुधा सुधारण्याच्या वाटेवर असतो. या मुलाचे स्वर सगळे जागेवर होते, बोलण्याला ओघ होता, फक्त ‘क’ वर्गाच्या जागी ‘त’ वर्ग आणि ‘स’च्या जागी ‘त’ येत होता. बोलणे कितीही अस्पष्ट असले तरी त्यामागे नियम होता.

दुसऱ्या मुलाच्या कागदावर काही शब्द चक्क बरोबर होते. ‘गाय’ तिन्ही वेळा स्वच्छ आला, ‘दूध’ तिन्ही वेळा ‘दूद’ आले. पण काकडी एकदा ‘का-अडी’, एकदा ‘ताकी’, एकदा ‘गाकडे’ अशी निघाली. पपई पहिल्या फेरीत बरोबर, मग ‘बअई’, मग ‘पापे’. मीठ ‘मीत’, ‘मेत’, ‘बीत’. सायकल ‘ताकल’, ‘आय-कल’, ‘साकय’. २४ शब्द तिन्ही फेऱ्यांत मिळाले आणि त्यांपैकी १५ बदलले, म्हणजे ६२ टक्क्यांहून थोडे अधिक. आकड्याहूनही बदलाचा प्रकार मला महत्त्वाचा वाटला. ‘मीठ’चा ‘मेत’ होतो तेव्हा स्वर घसरलेला असतो, आणि साध्या उशिरात या वयात स्वर सहसा घसरत नाहीत. ‘पपई’च्या ‘प’चा ‘ब’ होतो, ‘काकडी’च्या ‘क’चा ‘ग’ होतो, म्हणजे ओठ किंवा जीभ योग्य जागी आहे पण कंठातला आवाज केव्हा सुरू व्हावा याचा मेळ चुकला आहे. आणि ज्या ठिकाणी मी आडव्या रेघा दिल्या होत्या, तिथे एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना तो खरोखरच थांबत होता.

तरीही एवढ्यावर मी निदान लिहिले नाही. अस्थिर उच्चार आणखी एका गटात आढळतात. त्या मुलांच्या हालचालींची आखणी ठीक असते, पण शब्दाचा ध्वनिरूप आराखडाच मनात डळमळीत असतो. त्यांचेही निम्म्याहून अधिक शब्द बदलू शकतात आणि केवळ टक्केवारी पाहिली तर ती अप्रॅक्सियात गणली जातात. त्यांना ओळखण्याची खूण नकलेत असते. आपण समोर बसून शब्द म्हणून दाखवला की आराखडा आयता मिळतो आणि अशा मुलाचा उच्चार लगेच सुधारतो. त्याचे स्वर शाबूत असतात आणि बोलणे भराभर, सलग चालते. अप्रॅक्सियाच्या मुलाला नक्कल सोपी जात नाही, पुष्कळदा आपणहून बोलण्यापेक्षा ती अवघडच जाते.

या मुलाला मी ‘माझ्यामागून म्हण’ म्हटले तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले, ओठ उघडले, मिटले, पुन्हा वेगळ्या आकारात उघडले आणि आवाज उशिरा आला. ओठ-जिभेची ही चाचपड दिसावी म्हणूनच व्हिडिओ हवा असतो, केवळ ऐकण्यात ती निसटते. मग मी शब्दांची लांबी वाढवत गेले. ‘गा’ ठीक. ‘गाय’ ठीक. ‘गाडी’ दोनदा ठीक आणि एकदा ‘दाई’. ‘गाडीवान’ पाच वेळा घेतला, तर पाचही वेळा निराळा, आणि ‘गा’ व ‘डी’ यांच्यामध्ये दर वेळी खंड. थोड्या वेळाने दारासमोरून बैलगाडी गेली तेव्हा तोच मुलगा ‘आई, गाडी!’ असे स्वच्छ ओरडला. सहज निघालेला शब्द नीट आणि मागितलेला शब्द मोडका, हे अप्रॅक्सियात वारंवार दिसते. घरच्यांना मात्र तो हट्ट किंवा आळस वाटतो आणि मुलाला विनाकारण बोलणी बसतात. शेवटी मी त्याच्यासमोर चेहरा आणून, अगदी सावकाश, त्याच्या बरोबरीने एकाच वेळी ‘पपई’ म्हटले. आम्ही दोघे मिळून म्हणत होतो तोवर शब्द सरळ आला आणि मी थांबले की पुन्हा फुटला. अस्थिरता, स्वरांतील चुका, अक्षरांमधील खंड, लांबीबरोबर वाढणारी अडचण आणि आधाराने होणारी तात्पुरती सुधारणा हे सगळे एकत्र आल्यावर मी अप्रॅक्सिया असे लिहिले.

ठेक्याविषयी मराठीपुरती एक सावधगिरी. इंग्रजीत शब्दातले कोणते अक्षर जोरात उच्चारायचे हे ठरलेले असते, म्हणून तिथे ते चुकणे हे ठळक लक्षण ठरते. मराठीत अशा आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे परदेशी पुस्तकातला तो निकष जसाच्या तसा लावू नये. मी मूल सगळी अक्षरे सारख्या वजनाने, सुटी सुटी टाकते का आणि प्रश्न विचारताना त्याचा सूर चढतो का, एवढेच पाहते.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या दोन्ही बाजूंनी फसवतात. तीन वर्षांखालील निरोगी मुलांचे शब्दही पुष्कळ बदलतात, म्हणून त्या वयात या टक्केवारीवरून निदान करू नये. आपला मुलगा त्या वयाच्या पुढे आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत तिला वजन आहे. ताप, झोप, परक्या माणसाची भीती यांनी आकडा फुगतो. कानात पाणी साचून ऐकणे कमी-जास्त होणाऱ्या मुलाचेही उच्चार डळमळतात, म्हणून श्रवण तपासणी झाल्याशिवाय मी कोणताही आकडा पक्का धरत नाही. मूल हाकेला ओ देते म्हणजे त्याला सगळे नीट ऐकू येते, असे समजू नये. याउलट, तीव्र अप्रॅक्सियाच्या ज्या मुलाकडे चार-पाचच अक्षरे असतात आणि जे सगळ्यालाच ‘बा’ म्हणते, त्याचे बोलणे कागदावर अत्यंत स्थिर दिसते, कारण बदलायला त्याच्याजवळ दुसरे काही नसतेच. घोटवून घेतलेल्या शब्दांचेही तसेच. एखादा शब्द घरी महिनोन्‌महिने चुकीच्या रूपात पाठ झाला की तो स्थिर होतो, पण नवा शब्द दिला की अस्थिरता लगेच उघडी पडते. म्हणून यादीत मुलाने क्वचितच म्हटलेले, पण त्याला कळणारे चार-पाच शब्द जरूर घालावे.

जिभेखालचा पडदा आखूड असल्यामुळे शब्द दर वेळी वेगळा निघत नाही. त्याने अडथळा आलाच तर ठराविक ध्वनींना येतो आणि तोही दर वेळी सारखाच येतो. बदलत्या उच्चारांसाठी तो पडदा कापण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी वाचा-उपचारतज्ज्ञाचे मत घ्यावे.

दोन्ही स्थितींतला हा फरक शोधायचा तो उपचार निराळा असतो म्हणून. साध्या उशिरात चुकीचा नियम मोडायचा असतो. ‘त’ आणि ‘क’ यांतील फरक मुलाच्या कानाला आणि जिभेला शिकवला की तो अनेक शब्दांत आपोआप पसरतो, आणि पंधरवड्यातून एकदा येऊन घरी सराव केला तरी बहुतेक मुलांचे भागते. शब्दाचा आराखडा डळमळीत असलेल्या मुलाला रोजच्या उपयोगाच्या साधारण ५० शब्दांची यादी करून प्रत्येक शब्दाचे एकच रूप घरात, अंगणवाडीत, सगळ्यांनी स्वीकारायचे असते. अप्रॅक्सियात सराव हालचालींचा असतो. पाच-सहाच शब्द घ्यायचे, ते एका बैठकीत पुष्कळ वेळा म्हणवून घ्यायचे, आधी बरोबरीने, मग आपल्यामागून, मग थोडा वेळ थांबून, मग आपणहून, आणि अशा लहान बैठका आठवड्यातून तीन ते पाच वेळा व्हायला हव्या. तालुक्याला थेरपिस्ट नसताना हे अशक्य वाटेल. परंतु मी आईला किंवा घरातल्या ज्या माणसाकडे सकाळी वीस मिनिटे असतील त्याला समोर बसवून शिकवते आणि दर आठवड्याला त्यांचा व्हिडिओ पाहून शब्द बदलून देते. हंगामात कापूस वेचायला सगळे घर शेतात असते तेव्हा ही वीस मिनिटे कोण देणार, हे आधीच ठरवून घ्यावे लागते.

आता आपण काय करावे ते सांगते. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मुलाची श्रवण तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यातील डॉक्टरांकडून तिथली संदर्भचिठ्ठी मिळते. तपासणीची तारीख मिळेपर्यंत वर सांगितल्याप्रमाणे तीन फेऱ्या रेकॉर्ड करा आणि कागदावर प्रत्येक शब्दापुढे तिन्ही उच्चार लिहा. जे शब्द बदलले त्यांतले सात-आठ दुसऱ्या दिवशी निवांतपणे आपल्यामागून म्हणवून घ्या आणि ते नकलेत सुधारतात की आणखी अडतात, हे चौथ्या रकान्यात लिहा. तीन-चारच शब्द बदलले आणि स्वर जागेवर असले, तर उशिराची शक्यता मोठी आहे, तरी चार वर्षे उलटल्यावर परक्यांना बोलणे कळत नसेल तर थेरपीशिवाय नुसते थांबणे मला मान्य नाही. निम्मे शब्द बदलले पण नकलेत बहुतेक सुधारले, तर ते थेरपिस्टला मुद्दाम सांगा, म्हणजे ते सरसकट अप्रॅक्सिया धरणार नाहीत. निम्मे बदलले, स्वरही बदलले आणि नकलेत तोंड चाचपडले, तर जिल्ह्याच्या ठिकाणची लांबची तारीख येईपर्यंत वाट पाहू नका, रेकॉर्डिंग आणि कागद घेऊन आधी भेटेल त्या थेरपिस्टकडे जा. थेरपी सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी तीच यादी, त्याच रीतीने, पुन्हा घ्या. उच्चार अजून चुकत असले तरी बदलणाऱ्या शब्दांचा आकडा उतरला असेल तर निवडलेली पद्धत लागू पडत आहे. आकडा हलला नसेल तर शब्द, बैठकांची संख्या आणि निदान या तिन्हींचा फेरविचार करण्यास थेरपिस्टला सांगा.